पत्रकातून काढलेल्या ओळी

योगवर्गाचं पहिलं पत्रक छापलं तेव्हा मजकूर छापखान्यातल्या पोरानेच दिला. त्याच्याकडे साचा तयार होता : 'रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी... गोळ्यांपासून कायमची सुटका!' मी खाली वेळ आणि फी तेवढी घातली.

दुसऱ्याच महिन्यात वर्गातले एक काका पादहस्तासनातून वर येताना गरगरून भिंतीला धरून खाली बसले. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, रक्तदाबाची गोळी आठ दिवस बंद केलीय. तुमच्याच कागदावर लिहिलंय ना?" त्यांच्या मुलाला बोलावून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. दाब बराच वाढला होता. गोळी पुन्हा सुरू झाली. काकांना काय बोलणार? कागद माझाच होता.

पुढचं पत्रक मी स्वतः लिहिलं. पहिलीच ओळ : 'चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.' छापखान्यातला पोरगा हसला. "ताई, हे वाचून कोण येणार?" फोन कमी आले हे खरं. पण जे आले त्यांनी 'किती किलो उतरेल' असं न विचारता 'मी कुठल्या बॅचमध्ये बसेन' असं विचारलं.

कारण बॅचबद्दल मी सविस्तर लिहिलं होतं. पूर्वी 'प्राथमिक' आणि 'प्रगत' एवढंच असायचं, आणि स्वतःला प्राथमिक म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही. आता लिहिलं : पहिल्या बॅचमध्ये सांधे मोकळे करणं, खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन उभ्या-बैठ्या स्थितीतली आसनं आणि साधं श्वसन. दुसरीत सूर्यनमस्कार, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन. तिसरीत सर्वांगासन, हलासन, शीर्षासन. काचबिंदू, उच्च रक्तदाब किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना ही बॅच नाही. वयाची अट कुठेच घातली नाही. पंचविशीतली आखडलेली पाठ मी रोज बघते.

पत्रक वाचून एक बाई थेट दुसऱ्या बॅचसाठी आल्या. रोज तासभर चालत होत्या, दमही चांगला होता. मी त्यांना मांडी घालून बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितलं. जमलं नाही. मग तीन सूर्यनमस्कार संथपणे घालायला लावले. दुसऱ्यातच श्वास तोंडाने सुरू झाला आणि अष्टांग नमस्कारात छातीऐवजी पोट आधी टेकलं. म्हणजे खांद्यांत अजून ताकद नव्हती, सगळा भार कमरेवर येत होता. तसंच रेटलं असतं तर महिन्याभरात कंबर धरून बसल्या असत्या आणि योगाला नावं ठेवली असती.

त्या जरा नाराज झाल्या, पण पहिल्या बॅचला बसल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं. उठताना एक हात अजून टेकतोय. दुसऱ्या बॅचमधली त्यांची जागा तूर्त रिकामीच आहे.