भांड्याला भांडं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करायचा नियमांचा मेसेज लिहायला बसलो. ‘सर्व रहिवाशांचे मनःपूर्वक स्वागत’ एवढं लिहून झालं. पुढचे काही नियम तर आपोआप सुचले. नावापुढे फ्लॅट नंबर लिहा. सुप्रभातची फुलं नकोत. सर्वसाधारण सभेची नोटीस इथे दिसली तरी ती रीतसर नोटीस धरू नका. उपविधींप्रमाणे ती पूर्ण 14 दिवस आधी मिळायला हवी. अडलं ते गळतीपाशी.

समजा, रात्री अकराला कुणी फोटो टाकला: ‘703च्या बाथरूममधून आमच्या छतावर पाणी.’ आदर्श उपविधींत याची वाटणी स्पष्ट आहे. संडास, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च सभासदाचा. पावसाची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर तो सोसायटीचा. पण पाणी नक्की कुठून येतंय हे प्लंबरने पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर सगळ्या इमारतीने 703ला दोषी ठरवलेलं असतं. म्हणून मी लिहिलं, ‘गळतीची तक्रार फ्लॅट नंबर घेऊन ग्रुपवर करू नये, सचिवांकडे लेखी द्यावी.’

लिहिलं आणि आईचं ठरलेलं वाक्य आठवलं: भांड्याला भांडं लागणारच. एका घरातल्या भांडणांवर ती हे म्हणायची, आणि तिथे ते पटायचंही, कारण ती भांडी शेवटी एकाच फळीवर जाऊन बसत. आमच्या इमारतीतली भांडी वेगवेगळ्या फळ्यांवरची. आईच्या काळी भांड्यांवर नावं घातलेली असत, तारखेसकट. लग्नात आलेल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव, वाटीवर आजोबांचं. शेजारी खीर पाठवली की वाटी कुणाची हे विचारावं लागत नसे. ती परत यायची, आणि रिकामी सहसा नाही, निदान चिमूटभर साखर तरी असायची. नाव होतं म्हणून तर वाटी बेधडक दुसऱ्याच्या घरी जायची. चोरीच्या भीतीने नावं घालत, असंही कुणी म्हणेल. तेही खरंच असावं.

आता मी सभासदांना नावापुढे नंबर लिहायला सांगतो, आणि ग्रुपवरच्या तक्रारीतून मात्र नंबर काढून टाकतो. लेखी दिलेली तक्रार सचिवांच्या फायलीत महिनोन्‌महिने पडून राहिली, तर खालच्या घरातला ओला डाग कोण बघणार? ग्रुपवर टाकली तर निदान चार माणसं विचारतात तरी. आणि 703मध्ये एकटी म्हातारी बाई राहत असेल तर?

पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा लावावा लागेल. गळतीच्या नियमात ‘करू नये’च्या जागी ‘शक्यतो’ घातलं. मग ‘शक्यतो’ काढलं. सध्या तिथे नुसतं ‘गळती:’ आहे.