जेवणानंतर दरदरून घाम का फुटतो?
पाबळचे एक शेतकरी काका. जठराचा बराच भाग ऑपरेशनने काढलेला, मधुमेह नाही. गोड चहा आणि पेज घेतली की वीस मिनिटांत घाम, धडधड, मग जुलाब. घरचे ‘साखर उतरली’ म्हणून साखरपाणी पाजत. त्याच वेळी तपासली, तर साखर १३८! उरलेल्या जठरातून पातळ, गोड अन्न झटकन आतड्यात उतरते आणि रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. साखरपाण्याने त्रास वाढतोच.

तुमचेही असेच ऑपरेशन झाले असेल, तर दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खा : अर्धी भाकरी, कोरडा झुणका, उकडलेले अंडे. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. मात्र घाम दोन तासांनी फुटला, तर साखर खरोखर उतरलेली असू शकते; लगेच तपासा, सोय नसेल तर थोडी साखर खा.