म्हण की सिनेमा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे चेन्नईला, शोळिंगनल्लूरच्या काकांकडे जमणार होतो. घरात चौदा माणसे, वये सात ते अठ्ठ्याहत्तर. काकांच्या मुलांना मराठी कळते, पण बोलताना ती पटकन तमिळवर जातात. खेळ ठरवायचे काम माझ्याकडे आले.

नेहमीच्या दमशेराजमध्ये म्हणी घातल्या की खेळ लगेच संपतो. नाग दाखवला की सगळे ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून मोकळे! म्हणून ज्यांची फसगत होईल अशाच जोड्या मी निवडल्या. दादा कोंडके यांचा १९७३ चा सिनेमा ‘आंधळा मारतो डोळा’ आणि म्हण ‘आंधळा मागतो एक डोळा’. तसेच ‘आयत्या बिळावर नागोबा’ आणि ‘आयत्या घरात घरोबा’ हा सिनेमा. गाढवाच्या म्हणी तर सोन्यासारख्या आहेत. ‘गाढवाला गुळाची चव काय’, ‘गाढवापुढे वाचली गीता’, ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’, म्हणजे नुसते कान दाखवून काही भागत नाही.

मुख्य नियम एकच : चिठ्ठीत म्हण आहे की सिनेमा, हे सांगायचे नाही. बोटांनी फक्त शब्दांची संख्या दाखवायची. लांब म्हणीचा पहिलाच भाग अभिनयाला, उरलेला भाग ओळखणाऱ्याने तोंडाने पुरा केला तर जादा गुण. वेळ दीड मिनिट. ‘अति तेथे माती’सारख्या म्हणी मी गाळल्या, कारण ‘अति’ हाताने दाखवता येत नाही.

काकांनी तीन बोटे दाखवली, सोफ्यावर आडवे झाले आणि काकूकडे चहा मागितला. सगळे ओरडले, “नागोबा!” काकांनी मान हलवली आणि दोन्ही तळवे जोडून छप्पर केले. तरी मुले नागोबालाच चिकटून! शेवटी आजीने ‘घरोबा’ ओळखले. आंधळ्याच्या जोडीत मात्र तीन आणि चार बोटे मोजली की उत्तर फुटते, एवढी ती सोपी निघाली.

मग आजोबांची पाळी. चार बोटे, डोक्यावर लांब कान, मग काहीतरी चाखले आणि चेहरा अगदी कोरा. माझी नऊ वर्षांची चुलत बहीण उडी मारून म्हणाली, “कळुदैक्कु तेरियुमा कर्पूर वासनै!” गाढवाला कापराचा वास काय कळणार, अशी ती तमिळ म्हण. अर्थ तोच, फक्त गुळाच्या जागी कापूर.

समोरचा संघ भांडायला उठला. नियमात हे नव्हतेच. मी तिथेच निकाल दिला : तमिळ म्हणीला अर्धा गुण, मराठी म्हण जो सांगेल त्याला उरलेला अर्धा. घड्याळात वीस सेकंद होते. तिने आजोबांकडे बघून विचारले, “गोड आहे का?” आजोबा गप्प, नियमच तसा. “साखर? ... गूळ!” आणि पुढचे तीन शब्द तिने आजीच्या ओठांकडे बघत जुळवले. आजी ओठ हलवत होती, हे मला दिसले. मी शिट्टी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वहीत तीन तमिळ म्हणी लिहून आणल्या आणि त्यांच्या मराठी जोड्या आजीकडे मागितल्या. दोन सापडल्या. तिसरीवर आजी अजून विचार करते आहे.