टॉवर ऑफ हनोई: कमीत जमणार नाही कशावरून?

करंजाड्यात पावसाळी रविवारी दुसरं काय करणार? भाचीचं तीन खुंट्या आणि चकत्यांचं खेळणं घेऊन बसलो. हा टॉवर ऑफ हनोई, एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने 1883 साली आणलेला. एका वेळी वरची एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही.

T(n) = 2T(n-1) + 1 हे कॉलेजात आपण सगळ्यांनीच घोकलंय. वरच्या n-1 चकत्या मधल्या खुंटीवर, सगळ्यात मोठी शेवटच्या खुंटीवर, मग त्या n-1 पुन्हा तिच्यावर. पण यातून 'इतक्या चालींत जमतं' एवढंच कळतं. "मामा, याहून कमीत नाही जमणार?" भाचीने नेमकं तेच विचारलं.

उत्तर मोठीपाशी आहे. ती पहिल्यांदा हलते तेव्हा तिच्यावर काही नको आणि जिथे जायचं ती खुंटीही रिकामी हवी. म्हणजे बाकीच्या सगळ्या तिसऱ्या खुंटीवरच असणार! तिथवर किमान T(n-1) चाली. ती शेवटची हलल्यावर तो ढीग तिच्यावर आणायला पुन्हा तेवढ्याच. मधे तिची स्वतःची किमान एक.

आता दोन्हीकडे 1 मिळवा:

```
T(n) + 1 = 2(T(n-1) + 1)
```

म्हणजे 'चाली अधिक एक' हा आकडा दर चकतीला दुप्पट होतो. शून्य चकत्यांना तो 1, म्हणून T(n) = 2^n - 1. तीन चकत्यांना 7. भाचीने मोजून खात्री केली.

मग तिने पेन्सिल उभी धरून चौथी खुंटी केली. तीन चकत्या 5 चालींत! कारण आता बाकीच्या चकत्या दोन खुंट्यांवर वाटून बसू शकतात आणि वरचा युक्तिवाद तिथेच गळतो. चार खुंट्यांचं किमान सिद्ध व्हायला 2014 साल उजाडलं.