ताबा देण्याचा दिवस



गेल्या महिन्यात आमचा कासूचा फ्लॅट विकला गेला. मुलं परगावी, जाणं-येणं कमी झालं, म्हणून हा निर्णय घेतला. खरेदीखताबद्दल वकील सगळं सांगतात, पण ताब्याच्या दिवशी काय करायचं ते कुणी सांगत नाही. त्या दिवशी ठरवायची गोष्ट एकच असते: ताब्याची तारीख आणि वेळ. त्याआधीचा खर्च आपला, नंतरचा त्यांचा.

सगळ्यात आधी मीटर. खाली पॅसेजमध्ये सगळ्या घरांचे मीटर एकाच फळीवर असतात आणि कधी कधी त्यावरची नावं पुसलेली असतात. म्हणून बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळवून बघितला. मग घरातला मेन स्विच बंद केला. घरात वीज खेचली जात असताना मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. मेन बंद केल्यावर तो थांबला, म्हणजे मीटर आपलाच. तो चालूच राहिला असता तर जोडणी तपासून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पडद्यावर आकडे एकामागून एक बदलत असतात. त्यातला युनिटचा, म्हणजे kWh लिहिलेला आकडा येईपर्यंत थांबायचं आणि नंबरासकट फोटो काढायचा.

घेणारी सूनबाई म्हणाली, "काकू, लाईट बिलाचं नंतर बघू ना."

मी म्हटलं, "नंतर म्हणजे बिल येईल तेव्हाच बघू गं, पण वाटणी कशी करायची ते आजच लिहून ठेवू."

मागच्या बिलावर 8,742 युनिट होते, ताब्याच्या दिवशी 8,805. म्हणजे आमचे 63 युनिट. पुढे पूर्ण महिन्याचं बिल 120 युनिटांचं, 1,120 रुपयांचं आलं. त्यातला 130 रुपये स्थिर आकार दिवसांवर वाटला. तीस दिवसांपैकी अठरा आमचे, म्हणून 78 रुपये. उरलेले 990 युनिटांच्या प्रमाणात वाटले, आमचे 520. एकूण 598 आमचे आणि 522 त्यांचे. पहिले शंभर युनिट स्वस्त आणि पुढचे महाग असतात. आम्ही आमचे 63 स्वस्त दराने मोजून दिले असते, तर महागाचा सगळा भार त्या मुलीवर पडला असता. म्हणून पूर्ण बिल येऊ द्यावं आणि मगच वाटावं.

मीटर नवीन मालकाच्या नावावर व्हायला त्यांना महावितरणकडे अर्ज करावा लागतो. तोवर बिल आपल्याच नावाने येतं आणि थकलं तरी आपल्याच नावावर थकतं. बिलावर आपली सुरक्षा ठेवही दिसते. ती आपण परत घ्यायची की त्यांच्या नावावर करून त्यांच्याकडून तेवढी रक्कम घ्यायची, हे आधीच बोलून घ्यावं.

गॅसचं मात्र वेगळं. कनेक्शन आपल्या नावावर असतं, म्हणून सिलिंडर आणि रेग्युलेटर त्या घरात ठेवून यायचे नाहीत. आम्ही दोन्ही एजन्सीत जमा केले, कनेक्शनचा कागद दाखवला आणि ठेव परत घेतली.

मग कागद. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेताना त्यावर "कोणत्या महिन्यापर्यंत" हे लिहून घ्यावं. नुसतं "बाकी नाही" असेल तर पुढच्या महिन्यात वाद होतो. मूळ शेअर सर्टिफिकेट दिलं की त्याची पोच घ्यावी. कासूला ग्रामपंचायत आहे, म्हणून घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या तिथल्या. घरपट्टी एप्रिल ते मार्चची असते. आम्ही वर्षाची भरली होती, म्हणून उरलेल्या महिन्यांचे पैसे हिशोबात धरले. पंचायतीच्या नमुना 8 मध्ये नाव बदलून घ्यायचं काम त्यांचं, हेही सांगितलं.

किल्ल्या शेवटी. बाकीची रक्कम खात्यात जमा झाली, हे आमच्या ह्यांनी बँकेत खात्री करून सांगितलं, तेव्हाच जुडगा हाती दिला. मुख्य दाराच्या तीन, आतल्या दारांच्या चार, गॅलरीची एक, टपालपेटीची एक. शेजारच्या वहिनींकडे ठेवलेली जादा किल्लीही त्या तिनांत आणून ठेवली होती. मोजून पावतीत लिहिल्या.

ताबा पावती दोन प्रतींत केली. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, किल्ल्यांची संख्या, दिलेले कागद आणि घरात ठेवलेल्या वस्तू, म्हणजे पंखे, गिझर आणि कपाट, असं सगळं लिहिलं. दोन्ही बाजूंच्या सह्या आणि दोन साक्षीदार. एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्या फाईलमध्ये. बिलाचे 598 रुपये पाठवले, त्या दिवशी त्या फाईलवर मी "पूर्ण" असं लिहिलं.