हिंजवडी ते वर्धा : वाचलेल्या तासाचा भाव

माझं घर वर्ध्याला, नोकरी हिंजवडीच्या फेज दोनमध्ये. घरी जायचं ठरलं की प्रश्न एकच असतो, रेल्वेने जायचं की विमानाने? वडील फोनवर दर वेळी म्हणतात, "कायले एवढे पैसे घालवतं रे? गाडीत झोपून ये." माझ्या टीममधला मित्र नेमकं उलटं सांगतो : "तुझ्या तासाची किंमत काढ आणि विमानाने जा."

मित्राचं ऐकून एका शुक्रवारसाठी मी हिशेब मांडला. विमान नागपूरला उतरतं, तिथून वर्धा पाऊणशे-ऐंशी किलोमीटर मागे. शुक्रवारी संध्याकाळचं विमान गाठायचं तर हिंजवडीतून चारलाच निघावं लागतं. भूमकर चौकातली रांग धरून लोहगावला पोचायला दोन तास लागतात. विमानतळावर सव्वादोन तास, हवेत दीड तास, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढे टॅक्सी. घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा, म्हणजे आठ तास, आणि त्यातले प्रत्यक्ष विमानातले फक्त दीड. रेल्वेसाठीही चारलाच निघायचं. पुणे स्टेशनवरून सुटलेली गाडी थेट वर्ध्याला नेते आणि सकाळी नऊला मी घरी असतो. एकूण सतरा तास.

तिकीट, दोन्हीकडची कॅब, रिक्षा सगळं धरून रेल्वेचे 2,100 आणि विमानाचे 7,500 होत होते. फरक 5,400 रुपये, वाचले नऊ तास. म्हणजे तासाला 600. हातात येणारा 90,000 पगार महिन्याच्या 180 तासांनी भागला, तर माझा तास 500 रुपयांचा. सौदा जवळजवळ जुळलेला दिसत होता.

पण वाचलेले ते नऊ तास कोणते? रात्री बारा ते सकाळी नऊ. त्यातले सात मी घरी झोपूनच काढणार आणि गाडीतही झोपूनच काढणार. मला बर्थवर नीट झोप लागते. ज्याला लागत नाही, त्याने हे सात तास असे सोडून देऊ नयेत. माझ्यापुरते मात्र जागेपणीचे दोनच तास पदरात पडत होते, सात ते नऊ. तासाचा भाव झाला 2,700.

पगाराचा दरही मला नीट लागू होत नव्हता. शनिवारी सकाळी वाचलेल्या तासाचे पैसे मला कोणी देत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतही खासगी प्रवासात वाचलेल्या तासाला कमाईचा पूर्ण दर धरत नाहीत. गावातल्या गावात तो निम्मा असतो, लांबच्या प्रवासाला सुमारे 70 टक्के. पूर्ण दर फक्त कामाच्या प्रवासाला.

परतीचा हिशेब मात्र वेगळा निघाला. सोमवारी वेळेवर ऑफिस गाठायचं तर रविवारी दुपारी दोनला घर सोडून गाडी धरावी लागते. रात्रीच्या विमानासाठी सहाला निघालं तरी चालतं, आणि मध्यरात्री लोहगाव ते हिंजवडी रस्ता मोकळा मिळतो, तासाभरात घर येतं. म्हणजे तेवढ्याच 5,400 रुपयांत दुपारचे चार तास हाती लागतात, तासाला 1,350. जेवण झालं की आई दिवाणावर लवंडते आणि नात्यागोत्यातली एकेक बातमी सांगू लागते. गाडीच्या वेळेमुळे तिचं बोलणं नेहमी अर्ध्यात तुटायचं. या तासासाठी दीड हजारापर्यंत द्यायला मी मनापासून तयार आहे.

तेव्हापासून जाताना रेल्वे आणि येताना विमान, असं धरून चालतो. तिकिटाची वरची मर्यादाही आधीच ठरते. चार तासांचे दीड हजाराप्रमाणे 6,000, त्यात रेल्वेचे वाचणारे 2,100 मिळवायचे आणि विमानाच्या दोन्ही टोकांच्या टॅक्सीचे 2,600 वजा करायचे. उरतात 5,500. त्याच्या आत तिकीट मिळालं तर घ्यायचं. दिवाळीत भाव त्याच्या बराच वर जातो. तेव्हा सोमवारची रजा टाकून मी रविवारी रात्रीच्या गाडीने निघतो. रजा शिल्लक नसेल तर हा पर्याय उरत नाही, म्हणून दिवाळीसाठी एक रजा मी मुद्दाम राखून ठेवतो.

एकदा वडिलांना सेवाग्रामच्या रुग्णालयात तपासणीसाठी शनिवारी सकाळी साडेआठला न्यायचं होतं. त्या वेळी 2,700 रुपये तासाचे तेच दोन तास हवे होते. मी जातानाही विमानाचंच तिकीट काढलं आणि वडिलांना भाडं विचारू दिलं नाही.