एक बासष्ट

जुना वाडा मोजायला घेतला की टेप लगेच पिशवीबाहेर काढायचा नसतो. आधी पॅडवर ए-थ्री कागद लावायचा आणि डोळ्यांना दिसतं तेवढ्याच्या भरवशावर सगळ्या वाड्याचा नकाशा हातानं काढायचा. तो मापात नसतो, पण त्यात प्रत्येक खांब, प्रत्येक कोनाडा, प्रत्येक उंबरा आलेला असतो. आकडे लिहायला जागा उरावी म्हणून खोल्या मुद्दाम ऐसपैस काढायच्या. नवखा इंटर्न ओळखायचा तर त्याचा हा कागद पाहावा. ओसरी एवढीशी काढलेली असते आणि दुपारपर्यंत आकडे एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात.

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत काही महिने ऑफिसात ट्रेनिंग करावं लागतं. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा उंच इमारतींच्या पार्किंगमध्ये गाड्या बसवत होती. माझ्या वाट्याला पुण्याच्या पेठेतला एक दुमजली वाडा आला. मधे चौक, त्याच्या बाजूनं ओसरी, मागे माजघर, वर कडीपाट, आणि एका बाजूच्या खोल्यांत भाडेकरू. वाड्याची दुरुस्ती व्हायची होती. त्याआधी तो कागदावर आणायचा होता, आणि तोही जसा उभा आहे तसाच. ही अट ऐकताना सोपी वाटते.

मोजणीला तिघं लागतात. एक शून्य धरतो, एक टेपवरचा आकडा वाचतो, एक लिहितो. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. "चार बासष्ट." "चार बासष्ट." वाड्यात दिवसभर हा जप चालतो. माजघरातल्या काकू पहिल्या दिवशी कुतूहलानं ऐकत होत्या, नंतर भाजी निवडता निवडता त्याच आकडा परत म्हणायला लागल्या. तिघांत कमी मान शून्य धरणाऱ्याला असतो. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्याचं बोट कोपऱ्यावरून एवढंसं सरकलं तरी पुढची सगळी मापं तेवढीच सरकतात आणि ती एकमेकांशी जुळत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

ओसरीचे खांब मोजायच्या दोन रीती आहेत. पहिल्या खांबापासून दुसरा, तिथून टेप उचलून दुसऱ्यापासून तिसरा, अशी सुटी मापं घेता येतात. त्यात प्रत्येक वेळी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर पाच खणांनंतर अडीच सेंटिमीटरांची तूट साठू शकते. म्हणून ऑफिसच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की शून्य एकदा धरलं की उचलायचं नाही. टेप ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून ठेवायचा आणि चालत जाऊन एकेका खांबाशी आकडा वाचायचा. त्यात चूक झाली तरी ती त्या एका खांबापुरती राहते. खांबाचा मध्य हातानं नेमका सापडत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या तळाच्या चौकोनी भागाची डावी कड धरायची. डावी तर सगळीकडे डावीच. आमच्या कागदावर ओळ आली ती अशी: शून्य, 1.62, 3.25, 4.86, 6.34, 8.11.

मीटरचे आकडे दोनच दशांशांपर्यंत लिहायचे, हाही ऑफिसचा दंडक. लेझरचं यंत्र मिलिमीटर दाखवतं आणि ते उतरवून घ्यायचा मोह होतो. पण ज्या भिंतीचा गिलावाच हातभर अंतरात सेंटिमीटरभर फुगलेला आहे, तिच्या बाबतीत तिसरा दशांश ही शुद्ध बढाई आहे. शिवाय नकाशा 1:50 या प्रमाणात निघणार होता. त्यात भिंतीवरचा एक सेंटिमीटर कागदावर 0.2 मिलिमीटर होतो, म्हणजे बारीक पेनाच्या रेघेएवढा.

खोल्यांचं वेगळं असतं. माजघरालगतची खोली दारातून पाहिली तर काटकोनी वाटायची. तिच्या लांब बाजू 4.62 आणि 4.55 भरल्या, आखूड 3.10 आणि 3.14. समोरासमोरच्या बाजू सारख्या नाहीत एवढं यावरून कळतं, पण खोली कुठल्या बाजूला कलंडली आहे ते कळत नाही. तेवढ्याच चार बाजू घेऊन वेगवेगळे चौकोन काढता येतात. त्यासाठी कर्ण मोजायचा. एक कर्ण 5.50 आला. आता खोलीचे दोन त्रिकोण झाले, आणि तीन बाजू माहीत असलेला त्रिकोण हलत नाही, म्हणजे खोली पक्की झाली. तरी दुसरा कर्णही मोजायचा, आणि नकाशा काढताना तो वापरायचा नाही. तो राखून ठेवायचा. पडद्यावर चार बाजू आणि पहिल्या कर्णावरून खोली उभी केली, मग दुसरा कर्ण आपोआप किती येतो ते पाहिलं. 5.59. कागदावर लिहिलेलाही 5.59. त्या खोलीची मापं खरी आहेत एवढं आता खात्रीनं म्हणता येतं. खोली खरोखर काटकोनात असती तर दोन्ही कर्ण सारखेच आले असते. इथे नऊ सेंटिमीटरांचा फरक होता, आणि काकूंचं कपाट तिथे कोपऱ्यात कधीच नीट का बसलं नाही तेही त्यातून उलगडलं.

उंचीसाठी जमिनीवर भरवसा ठेवता येत नाही. चौकातली फरशी मोरीकडे उतरते, ओसरीही जरा चौकाकडे झुकलेली. म्हणून पाण्याची नळी. पारदर्शक लांब नळीत पाणी भरायचं, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक दिंडी दरवाज्याच्या उंबऱ्यापासून एक मीटर उंचीवर धरायचं आणि दुसरं घेऊन वाडाभर फिरायचं. पाणी डुलायचं थांबलं की जिथे ते ठरेल तिथे खडूची खूण. सगळ्या खुणा मिळून वाड्याभोवती एक अदृश्य सपाट पातळी तयार होते. तिच्यापासून खाली जमीन मोजायची, वर तुळई मोजायची. वाड्यातल्या आजोबांचा पाय नळीवर पडला की पाणी उसळतं आणि पुन्हा सगळे थांबतात, पण यंत्राइतकीच ही नळी खरं बोलते आणि तिला बॅटरी लागत नाही.

मग ऑफिस. थंड हवा, दोन पडदे, आणि खरी जोखीम. संगणकावर `F8` दाबलं की प्रत्येक रेघ आडवी किंवा उभीच जाते. वाकडी काढायची म्हटली तरी निघत नाही. वाड्यातली एकही भिंत अशी नव्हती, पण पडद्यावर ती तशी झाली की फार देखणी दिसते. रेघांची जाडी ठरलेली: कापलेली भिंत जाड, पलीकडे दिसणारं पातळ, फरशीच्या सांध्यांची रेघ त्याहून पातळ. कापलेली पातळी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, म्हणून त्या उंचीवरचे कोनाडे भिंतीत पोकळ दिसतात आणि वरचे तुटक रेघेनं दाखवतात. स्वच्छता म्हणायची ती ही. तिचा भिंत सरळ करण्याशी काही संबंध नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच माऊसनं होतात, आणि संध्याकाळी सहानंतर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही.

ओसरीचे सहा खांब काढायला माझा जोडीदार बसला. त्यानं शेवटचा आकडा घेतला, 8.11, त्याला पाचानं भागलं. 1.622 आलं. पहिला खण मोजलेला 1.62. "बघ, तंतोतंत," तो म्हणाला, आणि एक खांब काढून `ARRAY` नं बाकीचे पाच सारख्या अंतरावर टाकले. अगदी निर्दोष दिसत होतं. पहिला खांब बरोबर, शेवटचा बरोबर, मधले तीन सेंटिमीटरभरही चुकत नव्हते. ती ओळ तपासायला कुणी बसलंच नसतं. पण सलग मापांची वजाबाकी करायची सवय लावलेली होती, म्हणून केली: 1.62, 1.63, 1.61, 1.48, 1.77. पहिले तीन खण सुताराच्या एकाच मापाचे. चौथा चौदा सेंटिमीटरांनी आखूड, पाचवा जवळपास तेवढाच लांब. म्हणजे चूक एकाच खांबाशी होती. पाचवा खांब आपल्या जागेपासून डावीकडे सरकून उभा होता. आता तो वाड्यात सरकला होता की आमच्या कागदावर, हे ऑफिसात बसून कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मोजलं. 6.34 च. मग जवळून पाहिलं. बाकीचे पाच खांब सुरूचे, निमुळते, वर नक्षीचे हस्त, खाली दगडी तळखडे. हा साधा चौकोनी वासा, तळाशी फरशीचा तुकडा. कधीतरी जुना खांब खालून कुजला असणार आणि कुणीतरी त्याच्या शेजारी टेकू दिला, मग टेकूच राहिला. वर बॅटरीचा झोत टाकला तर तुळईच्या खालच्या अंगाला, टेकूच्या उजवीकडे, एक रिकामी चौकोनी खोबण दिसली. आत जळमटं. पहिल्या खांबापासून ती 6.48 वर होती. आणि तुळईची दोन लाकडं नेमकी तिथेच जोडलेली होती. तो जोड टेकूच्या पुढे चौदा सेंटिमीटर लटकत होता. वरच्या मजल्यावर त्या जागी चालताना जमीन किंचित खाली जाते, असं काकू आधीच म्हणाल्या होत्या. आम्ही ते वय झालेल्या कडीपाटाच्या खात्यावर टाकलं होतं.

नळीच्या खुणेपासून पुन्हा वर मोजलं. बाकीच्या खांबांपाशी जोत्यापासून तुळई 2.31 वर, खोबणीपाशी 2.28. तीन सेंटिमीटर 1:50 मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त होतात. डोळ्याला जेमतेम दिसतात, म्हणून शीटवर आकडाही लिहिला. टेकू त्याच्या जागी काढला, खोबण तुटक रेघेच्या चौकोनानं, आणि ओसरीच्या त्या एका तुळईचा वेगळा मोठा तपशील 1:10 मध्ये. भाडेकरूची एक खोली कुलूपबंद होती. ती आजूबाजूच्या भिंतींवरून तुटक रेघेत दाखवली आणि तिच्यात 'आत जाता आलं नाही, मापं घेतलेली नाहीत' असं लिहिलं. जोडीदाराला ते लाजिरवाणं वाटत होतं. मला तो शीटवरचा चांगला मजकूर वाटतो. तिथे अंदाजानं दार-खिडकी काढली असती तर उरलेल्या वाड्यावरही कुणी विश्वास का ठेवावा?

सुतारकाम करणारे मिस्त्री आले तेव्हा त्यांनी शीट चौकातल्या तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर पसरली. त्यांनी सगळा नकाशा वाचला नाही. टेकू सोडून त्यांचं बोट थेट तुटक चौकोनावर गेलं.

"इथं उंची किती?"

"दोन अठ्ठावीस."

"आणि बाजूला?"

"दोन एकतीस."

"मग खांब एकतीसच्या हिशोबानं काढतो," ते म्हणाले. "वर खोबणीत जाणारं लाकूड वेगळं धरा. पण आधी जॅक लावून तुळई हळूहळू उचलावी लागेल. एका दिवसात नाही जमायचं."